बातमीने चढलेलं सोनं किती दिवस टिकतं?

*प्रश्न: निवडणूक, आयात शुल्क, युद्ध, काहीही झालं की सोनं उसळतं. असं का होतं? आणि ती तेजी टिकते किती? बातमी आल्या आल्या घ्यावं की थांबावं?*

निव्वळ बातमीची तेजी काही तासांपासून साधारण सहा आठवड्यांपर्यंत टिकते. त्याहून जास्त टिकली, तर बातमीने आणखी काहीतरी बदललेलं असतं: व्याजदराचा अंदाज, एखाद्या चलनाची किंमत, किंवा सोनं घेणारा माणूसच. त्यामुळे बातमी किती मोठी आहे यापेक्षा या तिघांपैकी काय हललं ते बघावं. थांबावं की घ्यावं याचं उत्तर तिथून निघतं.

आधी 'का'. सोनं व्याज देत नाही. ते बाळगणाऱ्याला सरकारी रोख्यावरचं व्याज सोडावं लागतं, आणि महागाई वजा केल्यावर उरणारं ते व्याज म्हणजे सोनं बाळगण्याचा खर्च. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या महागाई-संरक्षित रोख्यांचा परतावा हे त्याचं रूढ माप आहे. राजकीय अनिश्चितता आली की बाजार तीन प्रश्न एकदम विचारतो. मध्यवर्ती बँक आता दर कापेल का? डॉलर घसरेल का? आणि जिथे पैसे ठेवले आहेत तिथे ते सुरक्षित आहेत का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं रोज बदलतात, म्हणून त्यांवर चढलेला भाव रोज उतरूही शकतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आलं तर ते सहसा वर्षानुवर्षं बदलत नाही.

लोक 'भीतीने सोनं चढलं' म्हणतात. भीती असतेच, पण ती भावात बहुतेक वेळा घटनेच्या आधी शिरते. घटना घडल्यावर अनिश्चितता संपते आणि ज्यांनी आधी घेतलं होतं ते विकायला निघतात. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर आक्रमण केलं तेव्हा सोनं चढलं. १७ जानेवारी १९९१ ला प्रत्यक्ष बॉम्बवर्षाव सुरू झाला त्या दिवशी मात्र ते औंसामागे सुमारे तीस डॉलरने कोसळलं. युद्ध सुरू झालं आणि भाव पडला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. सहा महिने त्याच युद्धाची किंमत मोजून बसलेल्या बाजाराला त्यात काही उलटं वाटलं नाही.

निवडणुकांचंही तसंच. २०१६ ची अमेरिकी निवडणूक घ्या. ८ नोव्हेंबरला सोनं १,२७५ डॉलरच्या आसपास होतं. रात्री मतमोजणीत अनपेक्षित निकाल दिसू लागला तसा भाव १,३३५ च्या पुढे गेला. ही सगळी चढण आशियाई वेळेत झाली, म्हणजे लंडन झोपलेलं असताना. त्या तासांत खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी विरळ असतात, त्यामुळे थोड्या मागणीनेही भाव लांब पळतो. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क बंद होईपर्यंत सगळी वाढ गेली होती. कारण तोवर बाजाराने हिशोब बदलला: नवं सरकार कर कापेल, खर्च वाढवेल, म्हणजे व्याजदर वर जातील. दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यांचा परतावा १.८५ टक्क्यांच्या आसपास होता, तो डिसेंबरच्या मध्यापर्यंत २.६ टक्क्यांवर पोहोचला आणि सोनं १,१३० डॉलरपर्यंत खाली आलं. बातमीने दिलेले साठ डॉलर काही तासांत परत गेले, व्याजाने दीडशे डॉलर आणखी नेले. त्या रात्री १,३३० ला घेणारा माणूस राजकारणाबद्दल अगदी बरोबर होता, तरी त्याचं नुकसान झालं.

२०२४ ला हेच, पण जरा वेगळ्या चालीने. मतदानाच्या आधीच, ऑक्टोबरच्या शेवटी, सोन्याने २,७९० डॉलरच्या आसपासचा तेव्हाचा उच्चांक गाठला. निकाल लवकर आणि स्पष्ट लागला. ६ नोव्हेंबरला सोनं एका दिवसात सुमारे तीन टक्के पडलं आणि महिन्याच्या मध्यापर्यंत २,५४० च्या आसपास आलं. निकाल कुणाच्या बाजूने लागला यापेक्षा तो *लागला* याने भाव पडला. मजबूत होणाऱ्या डॉलरने त्यात भर घातली. वादग्रस्त मोजणी, न्यायालयं, आठवडे चालणारा घोळ या शक्यतेसाठी जो विमा घेतला गेला होता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी निरुपयोगी झाला.

आता असं उदाहरण ज्यात एकाच घटनेचा भाव दोन चलनांत वेगवेगळा काळ टिकला. २३ जून २०१६, ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडण्याचं सार्वमत. मतदानाच्या दिवशी सोनं १,२५८ डॉलरच्या आसपास होतं. निकालाच्या रात्री ते १,३५० च्या वर गेलं, त्या दिवशी १,३१५ च्या आसपास स्थिरावलं, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १,३६५ च्या पुढे गेलं. तोवर अमेरिकी दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा १.३६ टक्क्यांपर्यंत घसरला होता, कारण अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह आता दरवाढ लांबवेल असं सगळ्यांना वाटत होतं. उन्हाळ्यात अमेरिकी आकडेवारी बरी येऊ लागली, दरवाढीची अपेक्षा परतली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोनं पुन्हा १,२७० च्या खाली. म्हणजे डॉलरमध्ये हिशोब ठेवणाऱ्यासाठी सार्वमताची तेजी साडेतीन महिन्यांत जवळजवळ शून्य झाली.

पौंडात हिशोब ठेवणाऱ्याचं काय झालं? मतदानाआधी पौंड १.४९ डॉलरचा होता, म्हणजे सोन्याचा औंस सुमारे ८४५ पौंडांना पडत होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पौंड १.२७ वर आलेला. १,२७० भागिले १.२७ म्हणजे हजार पौंड. डॉलरमधली वाढ विरली, पण पौंडातली अठरा टक्के वाढ जागेवर राहिली, कारण घसरण सोन्यात नव्हती, पौंडात होती. तुमच्या चलनात सोनं चढलं तर ते नेमकं कशामुळे, हे समजण्यासाठी हा भागाकार रोज करता येतो: डॉलरमधला भाव वेगळा बघा, आपल्या चलनाचा दर वेगळा बघा. दुसऱ्यानेच सगळी वाढ दिली असेल तर तुम्ही सोन्याच्या तेजीबद्दल बोलत नसून आपल्या चलनाच्या घसरणीबद्दल बोलत आहात, आणि त्या दोन्हींचं आयुष्य वेगळं असतं.

आयात शुल्काकडे येतो, कारण इथे सगळ्यात जास्त गल्लत होते. शुल्काची बातमी सोन्यावर दोन वाटांनी येते. एक वाट सगळ्यांना ठाऊक असलेली: व्यापारयुद्धाने अर्थव्यवस्था बिघडेल म्हणून सोनं. दुसरी वाट अशी की शुल्क खुद्द सोन्याच्या विटांवर लागलं तर काय? पहिल्या वाटेने सोन्याचा *भाव* हलतो. दुसऱ्या वाटेने दोन शहरांतल्या भावांमधला *फरक* हलतो. २०२५ मध्ये दोन्ही एकाच वेळी चालू होत्या आणि बातम्यांमध्ये दोन्हींना 'सोनं उच्चांकावर' हेच शीर्षक मिळत होतं.

फरकाची गोष्ट आधी. हजर, म्हणजे लगेच हाती मिळणाऱ्या सोन्याचा मोठा बाजार लंडनमध्ये आहे आणि वायद्यांचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचा, मोठा बाजार न्यूयॉर्कच्या कॉमेक्सवर. मोठ्या बँका लंडनमध्ये प्रत्यक्ष सोनं बाळगतात आणि भाव पडण्याची जोखीम झाकायला कॉमेक्सवर वायदा विकून ठेवतात. एरवी हे अगदी निवांत काम आहे, कारण दोन्ही भाव एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. वायदा हजर भावापेक्षा थोडा वर असतो आणि तो 'थोडा' म्हणजे मुख्यतः तेवढ्या दिवसांचं व्याज. हजर भाव ३,००० डॉलर, व्याजदर ४.३ टक्के, वायद्याला साठ दिवस शिल्लक असतील तर:

```
3000 × 0.043 × 60 / 360 = 21.5
```

म्हणजे वायदा ३,०२१ च्या आसपास असायला हवा. तो ३,०६० ला दिसला तर वरचे ३८-३९ डॉलर व्याजाचे नाहीत. ते शुल्काच्या शक्यतेचे आहेत. शुल्क दहा टक्के, म्हणजे ३०० डॉलर लागेल असं धरलं, तर ३८.५ भागिले ३०० म्हणजे सुमारे तेरा टक्के. याचा अर्थ बाजार म्हणतोय की विटांवर शुल्क लागण्याची शक्यता साधारण आठात एक अशी आहे. कागदावरचं हे गणित एका मिनिटाचं आहे, पण ते केल्याशिवाय शुल्काच्या काळात वायद्याच्या भावावरून कुठलाही निष्कर्ष काढू नये.

२०२४ च्या निवडणुकीनंतर हा फरक फुगू लागला. वायदा विकून बसलेल्या बँकांना त्यामुळे रोजच्या रोज तोटा भरावा लागत होता, आणि त्यातून सुटायचे दोन मार्ग होते: वायदा परत विकत घेणं किंवा लंडनचं सोनं विमानाने न्यूयॉर्कला नेणं. न्यायचं तर तेही सरळ नाही. लंडनची वीट सुमारे ४०० औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास. कॉमेक्सच्या मुख्य करारात ती चालत नाही. तिथे १०० औंसांची किंवा एक किलोची लगड लागते. त्यामुळे विटा आधी स्वित्झर्लंडच्या शुद्धीकरण कारखान्यांत वितळवून नव्याने ओतायच्या आणि मग पाठवायच्या. कॉमेक्सच्या गोदामांतला साठा नोव्हेंबर २०२४ मध्ये पावणेदोन कोटी औंसांच्या आसपास होता, तो एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला साडेचार कोटींपर्यंत गेला. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतून सोनं काढायला एरवी काही दिवस लागत, तिथे कित्येक आठवड्यांची रांग लागली. लंडनमध्ये सोनं उसनं घेण्याचा दर चढला. (या आयातीने अमेरिकेचे व्यापारतुटीचे आकडेही इतके फुगले की अटलांटाच्या फेडरल रिझर्व्हला आपल्या वाढदराच्या अंदाजाची सोनं वगळून वेगळी आवृत्ती काढावी लागली.)

हा साठा पाहून बऱ्याच जणांनी 'अमेरिकेत कुणीतरी प्रचंड सोनं खरेदी करतंय' असं मानलं. खरेदी फारशी नव्हती. माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात चालला होता. २ एप्रिल २०२५ ला शुल्कं जाहीर झाली तेव्हा सोन्याच्या विटांना सूट मिळाली, फरक आक्रसला, आणि काही आठवड्यांत तेच सोनं अमेरिकेतून स्वित्झर्लंडकडे परत निघालं.

फरकाची तेजी किती झटपट मरते हे ऑगस्टमध्ये दिसलं. अमेरिकी सीमाशुल्क विभागाचं ३१ जुलैचं एक पत्र ७ ऑगस्टच्या सुमारास बाहेर आलं. त्यात म्हटलं होतं की एक किलोच्या आणि १०० औंसांच्या लगडी सूट मिळालेल्या शुल्क-वर्गात बसत नाहीत. म्हणजे नेमक्या ज्या लगडी कॉमेक्सवर चालतात त्याच. त्याच आठवड्यात स्विस मालावर ३९ टक्के शुल्क लागू झालेलं. ८ ऑगस्टला डिसेंबर वायदा ३,५३४ डॉलरवर गेला, तो तेव्हाचा विक्रम. हजर भाव ३,४०० च्या आसपासच होता आणि फरक शंभर डॉलरच्या वर. ११ ऑगस्टला, सोमवारी, 'सोन्यावर शुल्क लागणार नाही' असं अमेरिकी अध्यक्षांनी जाहीर केलं आणि वायदा त्या दिवशी अडीच टक्क्यांच्या आसपास उतरला. फरक पन्नास-साठ डॉलरवर आला.

पन्नास-साठच का, शून्य का नाही? डिसेंबर वायद्याला तेव्हा चार महिन्यांच्या आसपास शिल्लक होते आणि ३,४०० डॉलरवर चार महिन्यांचं व्याज साधारण तेवढंच होतं. म्हणजे फरक अगदी आपल्या मूळ जागी आला, आणि एकाच कामकाजाच्या दिवसात.

यातली आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. फरक कळसाला असतानाही व्याजाच्या वरचा भाग सुमारे पन्नास डॉलर होता. ३,४०० वर ३९ टक्के शुल्क म्हणजे तेराशेच्या वर डॉलर. पन्नास भागिले तेराशे म्हणजे जेमतेम चार टक्के. बातम्या 'सोन्यावर ३९ टक्के शुल्क' असं ओरडत होत्या आणि बाजार मात्र ते प्रत्यक्षात येण्याची शक्यता पंचवीसात एक इतकीच धरत होता. त्याचं एक कारण असं की कॉमेक्सच्या गोदामांत तेव्हा साडेतीन कोटी औंसांहून जास्त सोनं आधीच पडून होतं. डिसेंबरच्या करारासाठी नवीन सोनं आयात करायची गरजच फारशी नव्हती. साठा असेल तर शुल्काची भीती भावात पूर्ण उतरत नाही. जानेवारीत ती जास्त उतरली कारण तेव्हा साठा पातळ होता. म्हणून या गणितातून निघणारी टक्केवारी ही शक्यतेची खालची मर्यादा समजावी.

त्या ८ ऑगस्टला ज्यांनी आपल्या चलनात, हजर सोनं 'विक्रम झाला' म्हणून घेतलं, त्यांच्यासाठी सोन्याचा विक्रम झालेलाच नव्हता. हजर भावाचा उच्चांक तोवर एप्रिलमधलाच होता. बातमीतला आकडा वायद्याचा आहे की हजरचा, आणि वायदा असेल तर कोणत्या महिन्याचा, एवढं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

आता पहिली वाट, म्हणजे खुद्द भाव. २ एप्रिलला सोनं ३,१३० च्या आसपास होतं. दुसऱ्या दिवशी ३,१६७ पर्यंत गेलं आणि मग ७ एप्रिलला २,९६० च्या खाली. इतकी वाईट बातमी आणि सोनं साडेसहा टक्के खाली, हे कसं? शेअर बाजार दोन दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त कोसळला होता. ज्यांनी उसन्या पैशांवर शेअर घेतले होते त्यांना मार्जिन, म्हणजे हमीची जादा रक्कम, भरायचं होतं, आणि अशा वेळी जे नफ्यात आहे आणि लगेच विकलं जातं ते विकतात. सोनं दोन्ही अटींत बसत होतं. मोठ्या धक्क्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांत सोनं पडणं हे त्याच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही, ती उधारी फेडण्याची विक्री असते. ओळखायची खूण सोपी आहे: सोनं, चांदी, शेअर सगळं एकदम पडतंय आणि शेअरची पडझड थांबताच सोनं आधी उठतं. इथे तसंच झालं.

९ एप्रिलला बहुतेक देशांवरची वाढीव शुल्कं ९० दिवस थांबवली गेली. साध्या तर्काने भीती कमी झाली, सोनं पडायला हवं होतं. ते चढत गेलं आणि २२ एप्रिलला ३,५०० डॉलरला लागलं. या पंधरवड्यात एक विलक्षण गोष्ट झाली. दहा वर्षांच्या अमेरिकी रोख्यांचा परतावा सुमारे ४ टक्क्यांवरून साडेचारपर्यंत *वाढला*, डॉलर *घसरला* आणि सोनं *चढलं*. एरवी परतावा वाढला की डॉलर मजबूत होतो आणि सोनं दबतं. तिन्ही उलट्या दिशेने चालले याचा अर्थ एकच होता: लोक अमेरिकी रोखेही विकत होते. तो वर सांगितलेला तिसरा प्रश्न, पैसे ठेवले तिथे सुरक्षित आहेत का, हा थेट विचारला जात होता. फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षांना काढण्याची भाषा त्यात भर घालत होती.

मग त्यांना काढण्याचा विचार नाही असं सांगितलं गेलं, चीनशी बोलणी सुरू झाली, १२ मे ला जिनिव्हात दोन्ही देशांनी ९० दिवसांसाठी शुल्कं खाली आणली, अमेरिकेने १४५ वरून ३० टक्क्यांवर, चीनने १२५ वरून १० टक्क्यांवर. सोनं त्या दिवशी जवळपास तीन टक्के उतरलं आणि १५ मे ला ३,१२० च्या आसपास होतं.

सुरुवात कुठून झाली होती? ३,१३०. शुल्काच्या धक्क्याने आलेले पावणेचारशे डॉलर बरोबर सहा आठवड्यांत परत गेले. जी बातमी एका सहीने मागे घेता येते तिची तेजी साधारण इतकीच जगते: कळसापर्यंत दोन-तीन आठवडे, उतरायला तेवढेच. पण ३,१३० च्या *खाली* काय होतं तेही बघा. २०२५ सुरू झालं तेव्हा सोनं २,६२५ च्या आसपास होतं. ती पाचशे डॉलरची वाढ जिनिव्हाच्या करारानेही गेली नाही, कारण ती मुळात एप्रिलच्या बातमीची नव्हती.

ती कुठून आली हे समजायला २०२२ पर्यंत मागे जावं लागतं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर आक्रमण केलं. सोनं त्याच दिवशी १,९७० च्या वर गेलं आणि संध्याकाळपर्यंत १,९०० वर परतही आलं. ८ मार्चला २,०७० पर्यंत चढलं, आठवड्याभरात पुन्हा १,९०० च्या आसपास उतरलं. पुढे अमेरिकेने व्याजदर भराभर वाढवले आणि शरद ऋतूत ते १,६३० च्याही खाली गेलं. युद्ध चालूच होतं. युद्धाची तेजी बघितली तर ती दोन-तीन आठवड्यांची.

पण त्याच काळात पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. दुसऱ्या देशाच्या रोख्यांत ठेवलेला पैसा एका निर्णयाने अडकू शकतो, हे इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांनी पाहिलं. स्वतःच्या तिजोरीतलं सोनं असं गोठवता येत नाही. आधीच्या दशकात या बँका मिळून वर्षाला सरासरी पाचशे टनांच्या आसपास घेत होत्या. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत त्यांची खरेदी हजार टनांच्या वर गेली. हे खरेदीदार शुल्क मागे घेतलं म्हणून विकत नाहीत, निकाल लागला म्हणूनही नाही. व्याज वाढलं तरी ते फारसे हलत नाहीत, म्हणून २०२३ पासून वास्तव व्याजदर चढे असूनही सोनं पडलं नाही आणि जुनी गणितं चुकू लागली. युद्धाने दिलेला भाव पंधरा दिवसांत गेला, गोठवणुकीने दिलेली मागणी अजून आहे.

म्हणून बातमी आल्यावर काय करायचं? पहिले तीन कामकाजाचे दिवस काहीच करू नये, फक्त तीन आकडे टिपून ठेवावेत: घटनेच्या आदल्या दिवशीचे आणि तिसऱ्या दिवसअखेरचे. सोन्याचा डॉलरमधला हजर भाव, डॉलर निर्देशांक, आणि अमेरिकेच्या दहा वर्षांच्या महागाई-संरक्षित रोख्यांचा परतावा. हा शेवटचा आकडा सेंट लुइस फेडरल रिझर्व्हच्या मोफत संकेतस्थळावर DFII10 या नावाने रोज मिळतो, फक्त एक दिवस उशिराने.

सोनं चढलं आणि परतावा जागच्या जागी असेल, तर ती निव्वळ बातमी आहे. बातमी मागे घेता येण्यासारखी असेल तर आठवडे मोजायला लागा. परतावा पडला म्हणून सोनं चढलं असेल, तर त्याचं आयुष्य मध्यवर्ती बँकेच्या पुढच्या एक-दोन बैठकांइतकं, म्हणजे काही महिने, आणि ब्रिटनच्या सार्वमतानंतर झालं तसं ते आकडेवारीबरोबर विरू शकतं. परतावा चढला, डॉलर पडला आणि तरी सोनं चढलं, तर थांबून नीट बघावं, कारण अशा वेळी खरेदीदार बदललेला असू शकतो. 'असू शकतो' म्हणतोय, कारण एप्रिल २०२५ मध्ये ही खूण दिसली तरी तिच्यावर चढलेला शेवटचा भाग सहा आठवड्यांत उतरलाच. खूण दिशा सांगते, कळस सांगत नाही.

या पद्धतीने पहिल्या तीन दिवसांतली वाढ हातची जाते, हे खरं. पण त्या तीन दिवसांत लहान ग्राहकाला ती मिळतही नसते. गोंधळाच्या दिवसांत विक्रेते खरेदी-विक्रीतलं अंतर रुंद करतात आणि लहान नाण्यांवरचा अधिभार वाढतो. समजा हजर भावापेक्षा सहा टक्के जास्त देऊन नाणं घेतलं आणि विकताना दोन टक्के कमी मिळणार असतील, तर भाव आठ टक्क्यांहून थोडा जास्त चढल्यावर कुठे बरोबरी होते. ब्रिटनच्या सार्वमताची डॉलरमधली संपूर्ण तेजी, पायथ्यापासून कळसापर्यंत, नऊ टक्क्यांच्या आसपास होती.